लिंकबरोबर येणारे कार्ड: चित्र आणि शीर्षक येते कुठून?

व्हॉट्सॲपवर एखाद्या लेखाची लिंक चिकटवली की क्षणभरात टाइप करायच्या जागेच्या वर एक छोटी चौकट उभी राहते. तिच्यात एक चित्र असते, ठळक अक्षरांत शीर्षक असते, त्याखाली एक-दोन ओळींचा मजकूर आणि शेवटी संकेतस्थळाचे नाव. ही चौकट म्हणजे प्रिव्ह्यू कार्ड. लिंक पाठवणाऱ्याने ते तयार केलेले नसते आणि व्हॉट्सॲपच्या कचेरीत बसून कोणी ते लिहिलेलेही नसते. त्यातले शब्द आणि चित्र, ज्या पानाची ती लिंक आहे त्या पानानेच पुरवलेले असतात. पान उघडल्यावर वाचकाला कधीच न दिसणाऱ्या भागात चार-पाच ओळी लिहून ठेवलेल्या असतात. त्यांना ओपन ग्राफ टॅग म्हणतात. कार्डावर काय दिसावे, हे प्रामुख्याने त्या ओळी ठरवतात.

मराठी वाचकाला अशा कार्डाची गरज थोडी जास्तच आहे. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे वापरता येतात, पण पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवताना त्यांचे रूप पार पालटते. एकेका देवनागरी चिन्हाला संगणकाच्या साठवणीत 3 बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट 3 चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे चार अक्षरे आणि एक काना एवढाच पसारा असलेला ‘राजगड’ हा शब्द पत्त्यात 45 चिन्हांचा होतो:

```
%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%9C%E0%A4%97%E0%A4%A1
```

अशी लिंक नुसती आली तर ती कशाबद्दल आहे हे कोणालाही कळणार नाही. सोबत कार्ड असले की हा प्रश्न उरत नाही.

कार्ड कसे तयार होते, हे व्हॉट्सॲपच्या उदाहरणावरून पायरी पायरीने पाहता येते. टाइप करायच्या जागेत मजकूर आला की त्यात वेबचा पत्ता आहे का, हे ॲप तपासते. पत्ता सापडला तर पाठवणाऱ्याचा फोन लगेच त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरकडे पानाची मागणी करतो. बटण अजून दाबलेले नसते, संदेश गेलेला नसतो, तरी ही मागणी गेलेली असते. मागणीसोबत मागणाऱ्याची ओळखही जाते. ब्राउझर आपली ओळख क्रोम किंवा सफारी अशी देतो, व्हॉट्सॲप `WhatsApp/` आणि पुढे आवृत्तीचा क्रमांक अशी देते. सर्व्हरवर आलेल्या मागण्यांची नोंदवही असते, तीत ही ओळख स्पष्ट दिसते. आपल्या पानाची लिंक कोणीतरी व्हॉट्सॲपवर चिकटवली, हे संकेतस्थळ चालवणाऱ्याला तिथे कळते.

उत्तरादाखल सर्व्हर पानाचे मूळ एचटीएमएल पाठवतो. ॲप ते संपूर्ण पान मांडून पाहत नाही. त्याला फक्त वरचा भाग हवा असतो. एचटीएमएलमध्ये पानाचे दोन भाग असतात: वाचकाला दिसणारे ते `body` आणि पानाबद्दलची माहिती ठेवणारे ते `head`. ॲप `head` मध्ये ओपन ग्राफच्या ओळी शोधते, त्यातले शीर्षक आणि वर्णन उचलते, चित्राचा पत्ता सापडला की त्या चित्रासाठी आणखी एक मागणी करते आणि आलेले चित्र लहान करून कार्डात बसवते. हे सगळे बहुधा एका सेकंदाच्या आसपास उरकते.

मग बटण दाबले जाते. या वेळी लिंकबरोबर शीर्षक, वर्णन आणि लहान केलेले चित्रही संदेशाचाच भाग होऊन, कुलूपबंद अवस्थेत समोरच्याकडे जाते. समोरच्याचा फोन कार्डासाठी त्या संकेतस्थळाकडे फिरकतही नाही. पाचशे जणांच्या गटावर लिंक टाकली तरी कार्डापुरती मागणी पाठवणाऱ्याच्या फोनवरूनच झालेली असते. बाकीचे लिंकवर बोट ठेवतील तेव्हाच संकेतस्थळाशी त्यांचा संबंध येतो.

एवढे ध्यानात घेतले की रोजच्या वापरातले बरेचसे अनुभव आपोआप उलगडतात. लिंक चिकटवून घाईने बटण दाबले तर कार्ड जात नाही, कारण पान यायच्या आतच संदेश निघून गेलेला असतो. पाठवणाऱ्याचे नेटवर्क मंद असेल तरी हेच होते, मग समोरच्याचे कितीही वेगवान असो. कार्डाच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवले तर नुसती लिंक जाते. आणि बातमीचे शीर्षक संकेतस्थळाने नंतर दुरुस्त केले तरी आधी गेलेल्या संदेशांतले कार्ड जुनेच राहते. त्या कार्डाचा पानाशी जिवंत संबंध उरलेला नसतो. पाठवण्याच्या क्षणी पानाने स्वतःबद्दल जे सांगितले, त्याची ती नक्कल असते.

सगळी ॲप्स मात्र असे काम पाठवणाऱ्याच्या फोनवर सोपवत नाहीत. सिग्नल आणि ॲपलचे आयमेसेज यांची रीत व्हॉट्सॲपसारखीच आहे. फेसबुक, टेलिग्राम, स्लॅक, डिस्कॉर्ड यांच्यात ते काम कंपनीचा सर्व्हर करतो. लिंक सर्व्हरकडे जाते, सर्व्हर पान आणतो, कार्ड बनवतो आणि सर्वांना तेच दाखवतो. त्यांचीही ओळख नोंदवहीत उमटते: फेसबुकची `facebookexternalhit`, टेलिग्रामची `TelegramBot`, स्लॅकची `Slackbot-LinkExpanding`.

हा फरक केवळ तांत्रिक सोयीचा नाही. व्हॉट्सॲपचे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणाला वाचता येऊ नयेत, अशी त्याची रचना आहे. कार्ड सर्व्हरने बनवायचे तर सर्व्हरला लिंक वाचू द्यावी लागेल, म्हणजे संदेशाचा एक तुकडा उघडा करावा लागेल. म्हणून ते काम फोनवरच करावे लागते. त्याची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते: पान न उघडताही पाठवणाऱ्याच्या फोनचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, त्या संकेतस्थळाला कळतो. ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये `Privacy` आणि त्यातल्या `Advanced` या ठिकाणी `Disable link previews` अशी सोय आहे. तलाल हज बकरी आणि टॉमी मिस्क या दोन संशोधकांनी 2020 मध्ये वेगवेगळ्या ॲप्सची ही वागणूक तपासून प्रसिद्ध केली. सर्व्हरवर कार्ड बनवणाऱ्या काही सेवा लिंकमागची भलीमोठी फाइलही उतरवून घेतात, असे त्यांना दिसले. लिंक घेणाऱ्याच्या फोनवरच कार्ड बनवणारी ॲप्सही त्यांना आढळली. तिसऱ्या प्रकारची ही रीत सर्वांत वाईट म्हणावी लागेल, कारण तीत एखाद्या अनोळखी माणसाने पाठवलेला संदेश नुसता पाहिला तरी आपला आयपी पत्ता त्याच्या हाती पडू शकतो.

आता टॅगांकडे. पानात ओपन ग्राफच्या ओळी नसल्या तर ॲपला अंदाज बांधावा लागतो. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे शीर्षक, म्हणजे `title` टॅगमधले, बहुतेक ॲप्स घेतात. शोधयंत्रांसाठी लिहिलेले वर्णन असले तर तेही घेतात. चित्राच्या बाबतीत मात्र अंदाज चालत नाही. एका पानावर संस्थेचे बोधचिन्ह, जाहिराती, लेखकाचे छायाचित्र, खालच्या दहा बातम्यांची चित्रे असे वीस-पंचवीस तुकडे असतात. त्यातले मुख्य कोणते, हे यंत्राला सांगता येत नाही. सुरुवातीच्या काळात फेसबुकवर लिंक टाकली की पानातली अनेक चित्रे एकामागून एक दाखवली जात आणि त्यातले एक टाकणाऱ्याने निवडायचे असे.

फेसबुकने एप्रिल 2010 मध्ये आपल्या एफएट परिषदेत ओपन ग्राफ जाहीर केले ते याच गरजेतून, पण निमित्त वेगळे होते. त्याच वेळी कंपनीने आपले ‘लाइक’ बटण फेसबुकबाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर बसवायची मुभा दिली. कोणी बाहेरच्या पानावरचे बटण दाबले की त्या पानाची नोंद त्या माणसाच्या फेसबुक खात्यात व्हायला हवी होती. माणसे आणि त्यांच्या आवडीच्या वस्तू यांच्या जाळ्याला कंपनी ‘ग्राफ’ म्हणत असे. त्या जाळ्यात बाहेरचे पान गुंफायचे तर त्या पानाचे नाव काय, ते कशाबद्दल आहे, त्याचे चित्र कोणते आणि कायमचा पत्ता कोणता, एवढे ठरीव पद्धतीने माहीत असणे भाग होते. म्हणून या चार गोष्टी आवश्यक ठरल्या: `og:title`, `og:type`, `og:image` आणि `og:url`. बाहेरच्या संकेतस्थळांवरचे ते बटण पुढे मागे पडले, पण त्याच्यासाठी लिहिलेले टॅग टिकले. इतर ॲप्सनी नवे काही न शोधता तेच वाचायला सुरुवात केली. ट्विटरने 2012 मध्ये `twitter:card` असे स्वतःचे टॅग आणले खरे, पण आपले टॅग नसतील तिथे तेही ओपन ग्राफचेच शीर्षक आणि चित्र घेत राहिले.

एक उदाहरण पूर्ण पाहू. भटकंतीवर लिहिणाऱ्या एका संकेतस्थळावर राजगडाच्या वाटेबद्दल लेख आहे, असे समजा. त्याच्या `head` मध्ये या ओळी लिहिल्या जातील:

```
<meta charset="utf-8">
<meta property="og:title" content="राजगड: गुंजवण्याहून चोरदरवाजाची वाट">
<meta property="og:description" content="पद्मावती माचीपर्यंतची चढण, लागणारा वेळ आणि वाटेतले पाणी.">
<meta property="og:image" content="https://example.org/img/rajgad.jpg">
<meta property="og:url" content="https://example.org/rajgad">
<meta property="og:type" content="article">
```

प्रत्येक ओळीची घडण सारखीच आहे. `property` नंतर गोष्टीचे नाव, `content` नंतर तिचा मजकूर. शीर्षकात संकेतस्थळाचे नाव घालायची गरज नाही, कारण ते कार्डावर वेगळे येते. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब शीर्षक मध्येच तोडले जाते, म्हणून ज्या शब्दामुळे वाचक थांबेल तो शब्द आधी यायला हवा. ‘सह्याद्रीच्या कुशीतला एक अविस्मरणीय अनुभव’ अशा सुरुवातीने शीर्षकाची सगळी जागा खाल्ली तर राजगड हे नाव कार्डावर येणारच नाही. वर्णन अनेक ॲप्स एकच ओळ दाखवतात, काही तर मुळीच दाखवत नाहीत. त्यामुळे महत्त्वाची गोष्ट वर्णनावर सोडणे शहाणपणाचे नाही. `og:type` मध्ये लेखासाठी `article`, साध्या पानासाठी `website` असे लिहितात. गप्पांच्या ॲपमध्ये त्याने क्वचितच काही फरक पडतो.

सगळ्यांत जास्त काळजी घ्यावी लागते ती चित्राची. फेसबुकने सुचवलेले माप 1200 बाय 630 पिक्सेल आहे, म्हणजे उंचीच्या जवळजवळ दुप्पट रुंदी. हे माप इतर ठिकाणीही चालते, म्हणून बहुतेक संकेतस्थळे त्याच मापाचे एक चित्र वेगळे बनवून ठेवतात. चित्र फारच लहान असेल तर मोठ्या कार्डाऐवजी बाजूला छोटा चौकोन येतो, आणि त्या चौकोनात आडव्या चित्राच्या दोन्ही कडा कापल्या जातात. राजगडाच्या छायाचित्रात उजव्या टोकाला लेखाचे नाव रंगवलेले असेल तर ते अर्धेच दिसेल. चित्रातला मुख्य भाग मधोमध ठेवणे, हाच त्यावरचा उपाय.

मापाइतकेच फाइलचे वजन महत्त्वाचे. फोनने काढलेले छायाचित्र सहज 4-5 एमबीचे असते. व्हॉट्सॲपच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कार्डासाठीचे चित्र 600 केबीच्या आत हवे. फेसबुकची मर्यादा मात्र 8 एमबी आहे. यातूनच एक कोड्यात टाकणारा प्रकार घडतो: तीच लिंक फेसबुकवर चित्रासह येते आणि व्हॉट्सॲपवर फक्त शीर्षक येते. टॅग बरोबर, चित्रही जागेवर, तरीही कार्ड उघडे. अशा वेळी आधी फाइलचे वजन पाहावे. 1200 बाय 630 चे चित्र जेपेग स्वरूपात नीट दाबून साठवले तर साधारणपणे 100 ते 200 केबीत बसते आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही.

चित्र न येण्याचे दुसरे कारण टॅगमधल्या पत्त्यात असते. पानाच्या आत चित्र दाखवताना `/img/rajgad.jpg` असा अर्धा पत्ता चालतो, कारण ब्राउझर कोणत्या संकेतस्थळावर आहे हे त्याला ठाऊक असते. `og:image` मध्ये `https://` पासून सुरू होणारा पूर्ण पत्ताच द्यायचा असतो. काही ॲप्स अर्धा पत्ता समजून घेतात, काही घेत नाहीत. त्यामुळे एका ॲपमध्ये तपासून समाधान मानणाऱ्याची हमखास फसगत होते.

मजकुराच्या चुका याहून फसव्या असतात, कारण पान स्वतः निर्दोष दिसते. शीर्षकात अवतरणचिन्हे असली की काय होते ते पाहा:

```
<meta property="og:title" content=""गडांचा राजा" राजगड">
```

`content` चा मजकूर सरळ दुहेरी अवतरणात लिहितात. इथे शीर्षकातले पहिलेच चिन्ह मजकूर संपल्याची खूण ठरते आणि यंत्राला रिकामे शीर्षक मिळते. कार्ड एकतर शीर्षकाविना येते किंवा ॲप टॅबवरचे दुसरेच शीर्षक उचलते. आतल्या चिन्हांच्या जागी `&quot;` लिहिले किंवा मराठी छपाईत वापरतो ती वळणदार अवतरणे घातली की प्रश्न मिटतो. मराठी मथळ्यांत उद्गार आणि अवतरणे विपुल असल्यामुळे हा दोष मराठी संकेतस्थळांना लागण्याची शक्यता कमी नाही. दुसरी चूक अक्षरसंचाची. पान यूटीएफ-8 मध्ये आहे हे सर्व्हरनेही सांगितले नाही आणि वरच्या उदाहरणातल्या पहिल्या ओळीनेही सांगितले नाही, तर वाचणारे यंत्र प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर समजते. मग ‘र’ च्या जागी `à¤°` अशी तीन चिन्हे उमटतात आणि सगळे शीर्षक त्याच भाषेत येते. कार्डावर असा गोंधळ दिसला तर दोष फोनच्या फॉण्टचा नसून या ओळीचा असतो.

`og:url` ची चूक मात्र अख्खे संकेतस्थळ बिघडवते. या ओळीचा हेतू चांगला आहे. एकच लेख अनेक पत्त्यांनी फिरतो: कुठे मागे `?utm_source=` चे शेपूट लागते, कुठे मोबाइलचा वेगळा पत्ता असतो. हे सगळे एकच पान आहे, असे सांगण्यासाठी त्याचा अस्सल पत्ता या ओळीत देतात. फेसबुक ही ओळ फार गांभीर्याने घेते. तिथे दिलेल्या पत्त्यावर जाऊन त्या पानाचे टॅग वाचते आणि त्याचेच कार्ड दाखवते. पण पानांचा साचा तयार करणाऱ्याने या ओळीत मुखपृष्ठाचा पत्ता घालून ठेवला आणि तो प्रत्येक लेखात तसाच उतरला, तर फेसबुकवर कोणताही लेख टाका, कार्ड मुखपृष्ठाचेच येते. राजगडाच्या लेखाला आणि हरिश्चंद्रगडाच्या लेखाला एकच चित्र, एकच शीर्षक दिसू लागले की या ओळीवर संशय घ्यावा.

सर्वांत चिवट दोष नव्या पद्धतीने बांधलेल्या संकेतस्थळांत आढळतो. अशा संकेतस्थळांवर सर्व्हर आधी जवळजवळ रिकामे पान पाठवतो आणि मजकूर, शीर्षक, टॅग हे सगळे नंतर ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालून भरले जाते. वाचकाला हा फरक कळत नाही. कार्ड बनवणारी यंत्रे मात्र सहसा जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. ती सर्व्हरने दिलेले पहिले एचटीएमएल वाचतात आणि निघून जातात. त्यांना रिकामे पानच मिळते. म्हणून टॅग सर्व्हरकडून येणाऱ्या एचटीएमएलमध्येच असायला हवेत, आणि तेही वरच्या भागात. व्हॉट्सॲप पानाच्या पहिल्या 300 केबीतच त्यांचा शोध घेते. टॅगांच्या आधी साच्याच्या शैलीचे आणि कोडचे मोठे गाठोडे भरलेले असेल तर टॅग असूनही सापडत नाहीत.

लॉग-इन मागणाऱ्या पानांचेही असेच होते. पाठवणाऱ्याने ब्राउझरमध्ये लॉग-इन केलेले असले तरी कार्ड बनवणारी मागणी ती ओळख घेऊन जात नाही. तिला दारावरचे लॉग-इन पान दिसते आणि कार्ड त्याचेच बनते. हे योग्यच आहे, नाहीतर खासगी कागदाचे पहिले वाक्य गटावर उघडे पडले असते.

दोष कुठे आहे हे ओळखायचे तर यंत्राला जे दिसते तेच स्वतः पाहावे लागते. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या आधी `view-source:` लिहिले की सर्व्हरने पाठवलेले मूळ एचटीएमएल उघडते. त्यात `og:` शोधावे. तिथे ओळी दिसल्या नाहीत, पण ब्राउझरच्या तपासणी-साधनात दिसल्या, तर त्या जावास्क्रिप्टने नंतर घातलेल्या आहेत, असे समजावे. याच्याही पुढे जायचे तर व्हॉट्सॲपची ओळख सांगून पान मागवता येते:

```
curl -s -A "WhatsApp/2" https://example.org/rajgad | grep "og:"
```

उत्तरात पाचही ओळी आल्या तर पान ठीक आहे. काहीच आले नाही, पण ओळख बदलून ब्राउझरची दिली की ओळी येतात, तर सर्व्हरची सुरक्षायंत्रणा अनोळखी यंत्रांना अडवते आहे. बॉट रोखण्यासाठी लावलेली गाळणी कार्ड बनवणाऱ्यांनाही रोखते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दुरुस्ती केल्यानंतरही जुनेच कार्ड दिसत राहिले तर घाबरून टॅग पुन्हा बदलत बसू नये. सर्व्हरवर कार्ड बनवणाऱ्या सेवा एकदा आणलेली माहिती जपून ठेवतात, कारण एखादी बातमी लाखो लोक टाकत असताना प्रत्येक वेळी पान मागवणे त्यांनाही परवडत नाही आणि त्या संकेतस्थळालाही झेपत नाही. फेसबुकची ही आठवण साधारण महिनाभर टिकते. ती पुसायला फेसबुकने `Sharing Debugger` नावाचे पान ठेवले आहे. तिथे लिंक घालून `Scrape Again` दाबले की फेसबुक पान नव्याने वाचते, काय सापडले आणि काय नाही ते दाखवते. टेलिग्रामसाठी `@WebpageBot` ला लिंक पाठवतात, लिंक्डइनसाठी `Post Inspector` आहे. चित्राची आठवण मात्र चित्राच्या पत्त्यावर ठेवली जाते. राजगडाचे छायाचित्र बदलले, पण फाइलचे नाव `rajgad.jpg` च ठेवले, तर फेसबुक जुनेच चित्र दाखवत राहू शकते. नव्या चित्राला `rajgad-2.jpg` असे नवे नाव देऊन टॅगमध्ये तेच लिहिणे, हा खात्रीचा मार्ग. आणि व्हॉट्सॲपवर आधीच गेलेली कार्डे कोणत्याही साधनाने बदलत नाहीत. चुकीच्या शीर्षकाचे कार्ड गटावर गेले असेल तर संदेश काढून लिंक पुन्हा पाठवावी लागते.

टॅगांच्या या रचनेत एक उणीव आहे आणि ती दूर होण्यासारखी नाही. कार्ड म्हणजे पानाने स्वतःबद्दल केलेले विधान. ते खरे आहे का, हे ॲप तपासत नाही. पानात एक आणि `og:title` मध्ये भलतेच लिहिले तरी कार्ड तेच दाखवते. पान मागणाऱ्याची ओळख सर्व्हरला दिसत असल्यामुळे, कार्ड बनवणाऱ्या यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे पान देणेही शक्य असते. फेसबुकवर तर लिंक टाकणाऱ्यालाच शीर्षक आणि चित्र बदलता येत असे. खोट्या बातम्या पसरवायला त्याचा वापर होऊ लागल्यावर 2017 मध्ये कंपनीने ती मुभा काढून घेतली. व्हॉट्सॲपसारख्या रचनेत कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवर बनते, त्यामुळे बदललेल्या, अनधिकृत ॲपमधून हवे ते कार्ड कोणत्याही लिंकला जोडून पाठवणे अशक्य नाही.

म्हणून बँकेचे बोधचिन्ह, सरकारी योजनेचे नाव किंवा नामांकित वृत्तपत्राचा मथळा कार्डावर दिसला, तरी तो त्या बँकेचा, सरकारचा किंवा वृत्तपत्राचा पुरावा नव्हे. बोधचिन्हाची फाइल कोणालाही उतरवून आपल्या `og:image` मध्ये घालता येते. पैशांशी, ओटीपीशी किंवा कागदपत्रांशी संबंध असलेली लिंक आली तर कार्ड बाजूला ठेवून खालचा मूळ पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. `https://` नंतर पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जे नाव आहे, त्याचा शेवटचा भाग पाहावा. `mybank.example.org` या पत्त्याचा मालक `example.org` आहे, पुढे लिहिलेल्या बँकेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तो पत्ता ओळखीचा नसेल तर लिंक उघडू नये आणि पुढेही पाठवू नये.